नोकरी सोडली, लॉगिन राहिलं

सुटे भाग पुरवणारी एक छोटी कंपनी डोळ्यांसमोर आणा. बिलिंग, स्टॉक आणि हिशेब एकाच सॉफ्टवेअरवर चालतात, म्हणून पगारपत्रकावरच्या 22 जणांना लॉगिन दिलेलं आहे. तिमाही संपल्यावर सॉफ्टवेअरमधून चालू खात्यांची यादी काढली, तर नावं निघाली 27. जास्तीच्या पाचांपैकी तिघं नोकरी सोडून गेलेले. एक गेल्या वर्षी ऑडिटला आलेला आर्टिकल. पाचवं खातं ‘accounts2’ नावाचं, त्याचा पासवर्ड निम्म्या ऑफिसला पाठ.

ही पाच खाती सापडली, कारण यादी सॉफ्टवेअरमधून काढली आणि पगारपत्रकाशी ताडून पाहिली. आठवणीतून यादी केली असती तर एकही सापडलं नसतं. यादीत शेवटच्या लॉगिनची तारीख मिळत असेल तर ती आधी बघावी. नोकरी सोडल्यानंतरची तारीख दिसली, तर खातं बंद करून भागत नाही. त्या लॉगिनखाली काय काय झालं ते तपासावं लागतं.

खरी अडचण पगारपत्रकावर असलेल्यांची आहे. खरेदी विभागातला एक जण सहा महिन्यांपूर्वी अकाउंट्समध्ये आला. त्याला पेमेंट करण्याचा अधिकार मिळाला, पण नवा पुरवठादार नोंदवण्याचा जुना अधिकार कुणी काढला नाही. आता तो एकटाच खोटा पुरवठादार उघडून त्याला पैसे पाठवू शकतो. माणूस कितीही सचोटीचा असो, त्याचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती लागला तरी हेच घडेल. म्हणून नुसती नावं जुळवणं पुरत नाही. प्रत्येकाच्या अधिकारांची ओळ विभागप्रमुखापुढे ठेवून विचारायचं: आजच्या कामाला हे लागतं का? प्रमुखाने सगळ्या ओळींवर ‘राहू द्या’ लिहून कागद परत केला, तर त्याने तो वाचलेला नाही असं खुशाल समजावं. अ‍ॅडमिनचे अधिकार मालकाने स्वतः पाहावेत. अ‍ॅडमिनने स्वतःलाच तपासण्यात अर्थ नाही.

काढायचं ठरलं की खातं निष्क्रिय करावं, पुसू नये; त्या नावावरच्या जुन्या नोंदी शाबूत राहायला हव्यात. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणं बंधनकारक आहे. ‘accounts2’सारखं सामायिक खातं असेल, तर बदल नक्की कुणी केला हे त्या नोंदीतून कळतच नाही. काम झाल्यावर यादी पुन्हा काढून बघावी. ‘काढलं’ असं सांगितलेले अधिकार बरेचदा तिथेच असतात.

काही वाटा या यादीत येतच नाहीत. कुणाच्या खासगी जीमेलला शेअर केलेल्या फायली त्याचं ऑफिसचं खातं बंद केलं तरी उघडतात. जीएसटी पोर्टलवर जुन्या अकाउंटंटचा मोबाइल नोंदवलेला असेल तर ओटीपी त्यालाच जातो. या दोन्ही गोष्टी वेगळ्या तपासाव्या लागतात.

तिमाही तपासणी राहून गेलेलं पकडते. तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी कुणी नोकरी सोडली, तर त्याचं लॉगिन पुढचे तीन महिने उघडं राहील. म्हणून शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत घेता, त्याच वेळी खातंही बंद करा.