पिशव्या उघडण्याआधीची दहा मिनिटं

जुलैतलं महाबळेश्वर. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारं गाव, त्यातही शनिवार. संध्याकाळी सहाच्या सुमाराला पुण्याहून एक कुटुंब हॉटेलात पोचतं: नवरा, बायको, शाळकरी मुलगा आणि दम्याचा त्रास असलेल्या सासूबाई. काउंटरवर बुकिंगचा कागद दाखवायचा, प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र द्यायचं, कार्डावर सही करायची, किल्ली घ्यायची. ओळखपत्र म्हणून पॅन कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही, कारण त्यावर पत्ता नसतो. आधार द्यायचं असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी मास्क्ड प्रत जवळ ठेवलेली बरी.

किल्ली हातात पडायच्या आधीचा मिनिटभर आपण फुकट घालवतो. तोपर्यंत खोली बदलणं म्हणजे काउंटरवरच्या माणसाला संगणकावर एक नंबर खोडून दुसरा टाकण्याएवढं सोपं असतं. पावसाळ्यातल्या महाबळेश्वरात तेव्हा दोनच गोष्टी विचाराव्यात: खोली कोणत्या मजल्यावर आहे आणि कोणत्या अंगाला? पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, त्यामुळे इमारतीच्या पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या भिंती महिनोन्‌महिने भिजत राहतात. तळमजल्याला जमिनीची ओल चढते, सगळ्यात वरच्या मजल्यावर स्लॅब गळायची भीती. मधला मजला आणि पूर्वेची बाजू मागून पाहावी. दरीचा देखावा बहुधा जातो, पण जुलैत खिडकीबाहेर धुकंच असतं.

आपल्या कुटुंबाने हे विचारलं नाही. त्यांना पहिल्या मजल्यावरची पश्चिमेची खोली मिळाली आणि दार उघडताच कुबट वास आला.

इथे घाई करू नये. बंद राहिलेल्या खोलीचा कुबटपणा आणि ओल्या भिंतीचा कुबटपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला पंखा लावून दार उघडं ठेवलं की पंधरा-वीस मिनिटांत विरतो. दुसरा जात नाही, तो शोधावा लागतो. बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर तळहात टेकवून पाहायचा. रंगाला फुगे आलेत का, कोपऱ्यात पांढरी भुकटी सुटली आहे का, ते बघायचं. कपाट उघडून त्याच्या मागच्या फळीवर काळे ठिपके आहेत का ते पाहायचं. चादर उचलून गादीची भिंतीकडची कड दाबायची. नुसती गार आहे की ओलसर, हे बोटांना कळतं. चादर उचललीच आहे तर गादीच्या शिवणीत ढेकणांचे काळे डाग नाहीत ना, तेही दिसतं. या सगळ्याला दहा मिनिटं पुरतात. तोवर बॅगा दाराजवळ, बाथरूम न वापरलेलं आणि पलंगावर कुणी बसलेलं नसावं.

हा आग्रह हॉटेलच्या कामाच्या पद्धतीतून येतो. न वापरलेली खोली सोडली तर ती ‘तयार’च राहते. अंघोळ झाली, चादर चुरगळली की ती पुन्हा साफसफाईच्या यादीत जाते: चादरी, टॉवेल, बाथरूम, मग सुपरवायझरची तपासणी. शनिवारी संध्याकाळी त्यासाठी माणसं मोकळी नसतात. रात्री अकराला केलेल्या तक्रारीला थंड प्रतिसाद मिळतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

कुठल्या तक्रारीवर काय मागायचं हेही आधी ठरवावं. दिवा, टीव्ही, गीझर, डाग पडलेली चादर, ही अर्ध्या तासात होणारी कामं. त्यासाठी खोली बदलून मागणं म्हणजे हॉटेलला आणि स्वतःलाही उगाच त्रास. गरम पाणी तर बऱ्याच ठिकाणी ठरावीक वेळेलाच सोडतात, तो बिघाड नव्हेच. भिंतीतली ओल, भिनलेला सिगारेटचा वास, लिफ्टची घरघर मात्र त्या रात्रीत कुणालाच दुरुस्त करता येत नाही. तिथे ‘जरा बघा’ म्हटलं तर एक मुलगा येतो, सुगंधी फवारा मारतो आणि जातो.

इथे फवारा उपयोगाचा नव्हता. भिंत ओली होती, गादीची कड ओलसर होती. सूनबाईंनी मोबाइलवर दोन फोटो काढले आणि फोन न करता स्वतः खाली गेल्या. सामान आणून देणाऱ्या मुलाला त्यांनी काही ऐकवलं नाही हे बरं केलं, कारण खोली बदलायचा अधिकार त्याच्याकडे नसतो. काउंटरवर दुसरं कुटुंब उभं होतं, ते आटपेपर्यंत थांबल्या.

“दादा, 107 मध्ये जरा अडचण आहे. पश्चिमेची भिंत ओली आहे, गादीची कडही ओलसर लागतेय. हे बघा फोटो. आम्ही सामान उघडलेलं नाही.”

“मॅडम, पावसाळ्यात सगळ्याच खोल्यांत थोडा वास येतो.”

“वासाचं मान्य आहे, ते धरूनच आलोय. पण सासूबाईंना दमा आहे, ओल्या भिंतीशेजारी त्यांना झोपवता येणार नाही. पूर्वेच्या बाजूला, मधल्या मजल्यावर एखादी मिळेल का? लहान असली तरी चालेल.”

“आज फुल आहे हो.”

या ‘फुल’ला दोन अर्थ असतात. एक, सगळ्या खोल्यांत माणसं आहेत. दुसरा, सगळ्या नोंदलेल्या आहेत, पण काही पाहुणे अजून यायचे आहेत आणि एखाददुसरी खोली अडीअडचणीला राखून ठेवलेली आहे. काउंटरवरच्या मुलाला राखीव खोली स्वतःच्या हिमतीवर देता येत नाही, मॅनेजरला येते. म्हणून आवाज न चढवता पुढचं वाक्य असं येतं: “मॅनेजर साहेबांना एकदा विचारून बघता का? मी इथेच बसते.” हे ‘इथेच बसते’ फार कामाचं. त्यात भांडण नाही, पण विषय मिटलेलाही नाही.

मॅनेजरने दुसऱ्या मजल्यावरची एक लहान खोली दिली. बाईंनी ती आधी पाहिली, भिंतीला हात लावला, मग होकार दिला. भाडं कमी असेल तर फरक तिथल्या तिथे ठरवून नोंदणी कार्डावर लिहून घ्यावा. सकाळी पाळी बदलते आणि तोंडी कबुली रात्रीच्या माणसाबरोबर घरी जाते. पैसे बुकिंगच्या ॲपवर भरले असतील तर हॉटेल रोख परत देईलच असं नाही. तेव्हा जेवण किंवा उशिरा खोली सोडायची सवलत मागता येते. ओली खोली पुढच्या पाहुण्याच्या माथी मारू नका, हेही जाता जाता सांगावं. ऐकायचं की नाही ते त्यांच्यावर.

खरोखरच जागा नसेल तर कोरडी गादी, ती भिंतीपासून सरकवून आणि एक हीटर, एवढं मागावं. पूर्ण कोरडी खोली जुलैत तिथे मिळणं कठीणच. पण हॉटेल काहीच करायला तयार नसेल, तर ॲपच्या मदत क्रमांकावर तिथूनच, खोली सोडण्याआधी फोन करावा. घरी पोचल्यावर केलेल्या तक्रारीची खातरजमा कुणाला करता येत नाही. पैशांचा वाद त्यानंतरही उरला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, आणि तिथेही ते दोन फोटो आणि कार्डावरची नोंदच विचारली जाते.