*बोअरची मोटार कोरडी चालली तर ओव्हरलोड तिला वाचवत नाही*



बोअरचं पाणी तुटलं तरी मोटार फिरत राहते आणि पंपातले बुश व इंपेलर घासून तापतात. ‘पेटीत ओव्हरलोड आहे, मग मोटार कशी गेली?’ असा प्रश्न सभासद नेहमी विचारतात. उत्तर सोपं आहे. ओव्हरलोड करंट *वाढला* की ट्रिप होतो. पाणी तुटल्यावर मोटारीवरचा भार कमी होतो, म्हणून करंट *घटतो*. त्यामुळे वरची मर्यादा ओव्हरलोडने आणि खालची मर्यादा ड्राय रनने सांभाळावी लागते.

ही माहिती तीन वायरच्या *सिंगल फेज* सबमर्सिबल मोटारीची आहे. थ्री फेजची जोडणी वेगळी असते. काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्या, पण शेजारी उभं राहून पुढच्या गोष्टी तपासा.

*१) आधी लाइट बंद*
मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि टेस्टरने खात्री करा. लाइट बंद असली तरी कंडेन्सरमध्ये करंट साठलेला असतो. त्याच्या दोन टोकांना होल्डरमधला साधा पिवळा बल्ब लावून तो उतरवा.

*२) तीन वायर ओळखा*
वायरच्या रंगावर भरवसा ठेवू नका, मध्ये जॉइंट असेल तर रंग बदललेले असू शकतात. तिन्ही वायर पेटीतून सोडवा आणि मल्टिमीटरने दोन-दोन वायरमधले ओहम मोजा. समजा ३, ५ आणि ८ आले. सर्वांत मोठा आकडा (८) ज्या दोन वायरमध्ये आला, त्या रनिंग आणि स्टार्टिंग. उरलेली तिसरी कॉमन. कॉमनपासून ३ दाखवते ती रनिंग आणि ५ दाखवते ती स्टार्टिंग.

*३) जोडणी*
फेज एमसीबी, कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोडमधून कॉमनला जातो. न्यूट्रल रनिंगला जातो. रनिंग कंडेन्सर रनिंग आणि स्टार्टिंगच्या मध्ये कायम राहतो. स्टार्टिंग कंडेन्सर त्याच दोन टोकांना, पण बटण किंवा रिलेमधून जोडायचा. मोटार उचलली की तो लगेच सुटला पाहिजे. तो अडकून राहिला तर कंडेन्सर फुटतो आणि स्टार्टिंगची वाइंडिंग जळते. दोन्ही कंडेन्सर मोटारीच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या एमएफडीचेच घ्या. पेटीला आणि मोटारीला अर्थिंग हवंच.

*४) ड्राय रन युनिट*
युनिटच्या गोल रिंगमधून मोटारीला जाणारी फक्त *फेजची एक वायर* न्या. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच रिंगमधून गेले तर एकमेकांना खोडतात आणि युनिटला करंट दिसतच नाही. युनिटचा कॉन्टॅक्ट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वायरमध्ये येतो. करंट घटला की कॉइल सुटते आणि मोटार बंद पडते. पेटीत कॉन्टॅक्टर नसेल तर आधी तो बसवावा लागेल.

*५) सेटिंग: एक उदाहरण*
१.५ एचपी मोटारीच्या पट्टीवर १०.५ अँपिअर लिहिलंय असं समजा. पाणी पूर्ण धारेने येत असताना क्लॅम्प मीटरवर ९.६ आले. ओव्हरलोड १०.५ वर लावा, त्याच्या वर नको. ड्राय रन चालू करंटच्या साधारण ८० टक्क्यांवर, म्हणजे ७.७ वर लावा. पाइप भरेपर्यंत मोटार उगाच बंद पडू नये म्हणून सुरुवातीची काही सेकंदं युनिटला सूट द्या.

आता चाचणी घ्या. मोटार चालू असताना ड्राय रनचा आकडा ९.६ च्या वर न्या. ठरलेल्या वेळेत मोटार बंद पडली तर जोडणी बरोबर आहे. मग आकडा परत ७.७ वर आणा.

*६) ट्रिप झाल्यावर*
ड्राय रन ट्रिप झाला तर बोअर भरायला वेळ द्या, लगेच बटण दाबू नका. ऑटो असेल तर पुन्हा सुरू होण्याची वेळ तुमच्या बोअरच्या भरणीप्रमाणे ठेवा. ऑटोवर असलेली मोटार कधीही सुरू होते, त्यामुळे केबलला हात लावण्याआधी मेन पाडा.
ओव्हरलोड वारंवार ट्रिप होत असेल तर त्याचा आकडा वाढवू नका. आधी व्होल्टेज, कंडेन्सर आणि पंपात गाळ अडकला आहे का ते पाहा.

*मर्यादा:* व्होल्टेज बदललं की करंटही बदलतो, त्यामुळे या युनिटची चूक होऊ शकते. तुमच्याकडे व्होल्टेज फार खालीवर होत असेल, तर बोअरमध्ये पंपाच्या वर पातळी दाखवणाऱ्या सेन्सरच्या वायर सोडणं जास्त भरवशाचं.

चालू करंट आणि दोन्ही सेटिंग पेटीच्या झाकणावर आतून मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वेळी काय बदललं ते लगेच कळेल.