राजीनाम्याआधीच्या दोन ओळी

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, ऑफर आली! तुमच्याच गावाला, श्टुटगार्टला. १ एप्रिलला रुजू व्हा म्हणतायत. उद्याच राजीनामा टाकतो."

"थांब," मी म्हटलं. "राजीनामा शेवटी. आधी कॅलेंडर आणि कागद-पेन घेऊन बस."

भाचा चाकणच्या एका वाहन-कंपनीत गाडीच्या ब्रेकच्या कंट्रोल युनिटवर काम करतो. नोटीस पिरियड ९० दिवसांचा. जर्मनीतली नोकरी पक्की झाली, पगारही मनासारखा होता. पण पगार ठरला म्हणजे बोलणी संपली, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं, आणि तिथेच चूक होते. रुजू होण्याची तारीख आणि स्थलांतराची मदत या दोन गोष्टी सहीच्या आधी करारात नीट लिहून घेतल्या नाहीत, तर पहिले तीन महिने फार जड जातात. मी स्वतः जर्मनीत आलो तेव्हा हे सांगायला कुणी नव्हतं. म्हणून भाच्याचं प्रकरण इथे सविस्तर मांडतो.

आधी तारीख. जर्मनीत काम सुरू करण्यासाठी भारतीय अभियंत्याला व्हिसा लागतो, बहुतेकदा ईयू ब्लू कार्डसाठीचा. त्यासाठी सही केलेला करार, नोकरीचा तपशील देणारा कंपनीने भरलेला फॉर्म आणि पदवी जर्मनीत मान्य असल्याचा पुरावा लागतो. पदवी आणि विद्यापीठ anabin या जर्मन यादीत सापडलं, तर त्या पानांची प्रिंट पुरते. नाही सापडलं, तर पदवीची तुलना करून देणारं प्रमाणपत्र वेगळं मागवावं लागतं आणि त्यात काही आठवडे जातात. भाच्याचं विद्यापीठ आणि पदवी दोन्ही यादीत होतं, ते आम्ही त्याच संध्याकाळी पाहिलं.

मग कॅलेंडरवर उलटं मोजत न बसता सुलटं मोजलं. करारावर सही फेब्रुवारीअखेर. कागदपत्रं जमवून अर्ज मार्चच्या मध्यावर. व्हिसा हातात येईपर्यंत दोन महिने धरले, म्हणजे १५ मे. राजीनामा व्हिसा आल्यावरच द्यायचा, म्हणून नोटीस १५ मेपासून. ९० दिवस मोजले की १३ ऑगस्ट येतो. त्यावर सामान आवरायला, घर सोडायला दोन आठवडे. म्हणजे १ सप्टेंबर. कंपनी म्हणत होती १ एप्रिल. पाच महिन्यांची तफावत!

भाचा घाबरला. "एवढं थांबतील का? ऑफर काढून घेतली तर?"

इथे एक गोष्ट माहीत असायला हवी. जर्मनीत अनुभवी अभियंत्याच्या करारात तीन महिन्यांचा नोटीस पिरियड अगदी सर्रास असतो. त्यामुळे ९० दिवस ऐकून तिथला एचआर दचकत नाही. दचकतो तो अचानक बदललेल्या तारखेने. १ एप्रिल कबूल करून मार्चच्या शेवटी "व्हिसा आला नाही" असं कळवणारा माणूस त्यांना अडचणीत टाकतो, कारण त्या तारखेवर टीमचं काम आखलेलं असतं. पहिल्याच दिवशी हिशोबासकट उशिराची तारीख सांगणारा मात्र भरवशाचा वाटतो. म्हणून आम्ही वरच्या टप्प्यांचा छोटा तक्ता करून पाठवला.

त्या तक्त्यासोबत तारीख अलीकडे आणण्याचे दोन मार्गही दिले. पहिला मार्ग कंपनीच्या हातात होता. जर्मनीत कुशल कामगारांसाठी जलद प्रक्रिया आहे. तिचा अर्ज उमेदवाराच्या वतीने कंपनी स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात करते आणि त्याचं शुल्क ४११ युरो आहे. कार्यालयाची पूर्वसंमती मिळाली की दूतावासाने तीन आठवड्यांच्या आत भेटीची वेळ द्यायची आणि पूर्ण अर्ज मिळाल्यावर साधारण तीन आठवड्यांत निर्णय करायचा, अशी तरतूद आहे. अर्थात पूर्वसंमतीला किती दिवस लागतील ते त्या शहराच्या कार्यालयावर अवलंबून असतं, त्यामुळे हा जादूचा मार्ग नाही. पण स्थलांतरासाठी कंपनी हजारो युरो मोजणार असेल, तर ४११ युरोंत वेळापत्रकाचा अंदाज बांधता येणं तिच्याही सोयीचं असतं.

दुसरा मार्ग पुण्यातला. भाच्याच्या कंपनीत नोटिशीचे काही दिवस पैसे भरून माफ करून घेता येत होते. ही सोय सगळीकडे नसते. नेमणूकपत्रात पाहावं लागतं आणि बऱ्याचदा ती साहेबांच्या मर्जीवर असते. आम्ही नव्या कंपनीला विचारलं, "तीस दिवसांच्या भरपाईचा खर्च तुम्ही दिलात तर महिनाभर लवकर येता येईल. चालेल का?" त्यांना चाललं. १५ मेपासून साठ दिवस म्हणजे १४ जुलै, आणि तारीख आली १ ऑगस्ट.

पण १ ऑगस्ट ही तारीखही शेवटी अंदाजच होती. व्हिसा जूनअखेर आला असता तर? म्हणून पहिली ओळ करारात घातली: "रुजू होण्याची तारीख १ ऑगस्ट, व्हिसाला उशीर झाल्यास, व्हिसा मिळाल्यानंतर उमेदवाराचा नोटीस पिरियड संपून येणाऱ्या पुढच्या महिन्याची पहिली तारीख." या ओळीमुळे व्हिसा लांबला तरी करार मोडत नाही आणि व्हिसा हातात नसताना चाकणची नोकरी सोडायचा दबाव येत नाही. कंपनीनेही आपल्या बाजूने एक मर्यादा मागितली: १ ऑक्टोबरच्या पुढे गेल्यास दोघांनी पुन्हा बोलायचं. ते रास्तच होतं.

आता मदत. कंपनीने ऑफरमध्ये लिहिलं होतं, "स्थलांतरासाठी एकरकमी ५,००० युरो." एक युरो शंभर रुपयांचा धरला तर पाच लाख. भाचा खूश होता. मी त्याला विचारलं, "हे कापून की न कापता?"

ही एकरकमी रक्कम पगारातून बोनससारखी आली, तर तिच्यावर आयकर आणि सामाजिक विम्याची कपात होते. एकट्या माणसाच्या चांगल्या पगारावर अशा जादा रकमेतलं जवळपास निम्मं हातात पडतं. उलट, नोकरीसाठी घर हलवताना झालेला खराखुरा खर्च, म्हणजे विमानाचं तिकीट किंवा सामानाची वाहतूक, कंपनीने पावतीवर भरून दिला, तर ती भरपाई कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत करमुक्त असते. कंपनीच्या खिशातून जाणारी रक्कम तीच, पण भाच्याच्या हाती येणारी जवळपास दुप्पट. त्यामुळे "रक्कम वाढवा" असं आम्ही म्हटलंच नाही. "याच रकमेत, पण पावतीवर आणि शक्य तिथे तुम्हीच थेट भरा," एवढंच मागितलं. थेट भरण्याचा आग्रह यासाठी की पावती देऊन पैसे परत मिळेपर्यंत आधी स्वतःचे घालावे लागतात आणि पहिला पगार तर ऑगस्टच्या शेवटी येणार.

सगळ्यात मोलाचा मुद्दा मात्र तात्पुरत्या घराचा. मी आलो तेव्हा मला एकरकमी पैसे मिळाले होते आणि मी एका सुसज्ज खोलीत महिनाभर राहिलो. खोली छान होती, पण मालकाने राहत्या पत्त्याचं पत्र द्यायला नकार दिला. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. पत्र नाही म्हणून नोंदणी नाही. नोंदणी नाही म्हणून करक्रमांक पोस्टाने आला नाही. करक्रमांक नाही म्हणून पहिला पगार सगळ्यात चढ्या कपातीच्या सहाव्या करवर्गात कापला गेला. ते पैसे पुढे परत मिळाले, पण त्या महिन्यात कायमचं घर बघायचं होतं, अनामत द्यायची होती, आणि खात्यात पैसे नव्हते. एका कागदासाठी मी पुण्याहून वडिलांकडून पैसे मागवले, हे मी विसरलेलो नाही.

म्हणून भाच्याच्या करारात दुसरी ओळ अशी लिहून घेतली: "कंपनी दोन महिन्यांसाठी सुसज्ज घर देईल, त्या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करता येईल, आणि भाडं कंपनी थेट भरेल." या वाक्यातला मधला भाग सगळ्यात महत्त्वाचा. कंपनीच्या एचआरला तो पटकन पटतो, कारण निवास परवान्याच्या कार्डासाठीही पत्त्याची नोंद लागते आणि तो खोळंबा त्यांनाही नको असतो.

अनामतीचं काय? तिथे घराची अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेता येते. भाडं १,००० युरो असेल तर ३,००० युरो. ती तीन मासिक हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे, पण घरासाठी वीस जण रांगेत असताना हप्ते मागायची हिंमत कुणाची होत नाही. अनामत परत मिळणारी असल्याने तो खर्च नाही, म्हणून ती भरपाईत मागू नये. आम्ही ती बिनव्याजी उचल म्हणून मागितली, सहा महिन्यांत पगारातून फेडण्याच्या बोलीवर. कंपनीने २,००० युरो कबूल केले.

शेवटी परतफेडीची अट. मसुद्यात लिहिलं होतं, "दोन वर्षांत नोकरी संपल्यास सर्व मदत परत करावी." यात "संपल्यास" हा शब्द घातक आहे. जर्मनीत पहिल्या सहा महिन्यांपर्यंत परीविक्षा काळ असू शकतो आणि त्यात कंपनी दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढू शकते. म्हणजे चौथ्या महिन्यात कंपनीने मंदीमुळे काढलं तरी विमानाचे पैसेही भाच्यानेच भरायचे! अशा सरसकट अटी तिथल्या न्यायालयात सहसा टिकत नाहीत, पण कोर्टात जाण्यापेक्षा शब्द बदलून घेणं सोपं. आम्ही दोन बदल मागितले. स्वतःहून सोडली किंवा गैरवर्तनामुळे काढलं तरच परतफेड, आणि दर महिन्याला रकमेचा चोविसावा भाग माफ. दोन्ही मान्य झाले.

या सगळ्याला तीन ईमेल आणि एक फोन लागला. कुणी रागावलं नाही, ऑफर कुणी मागे घेतली नाही. काही नाकारलंही गेलं: पत्नीच्या जर्मन वर्गाचा खर्च आणि कंटेनरने येणारं फर्निचर. तिथे भाच्याने हट्ट धरला नाही. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्यावर नोकरीही करता येते, त्यामुळे तो मुद्दा अडकून बसण्यासारखा नव्हता.

जायच्या तयारीत असलेल्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे. फोनवर मिळालेला होकार कितीही गोड वाटला तरी राजीनामा खिशातच ठेवा. व्हिसाला बांधलेली तारीख आणि पत्ता नोंदवता येईल असं घर, या दोन ओळी करारात सहीसकट आल्या का ते पाहा. मग व्हिसा येऊ द्या. राजीनाम्याचं पत्र त्यानंतर.