धुवांधारच्या फोटोवर अक्षरे वाचता यावीत म्हणून

जबलपूरला पाहुणे आले की भेडाघाटची फेरी ठरलेलीच, आणि फेरी झाली की फोनमध्ये शे-दीडशे फोटोही ठरलेलेच. गेल्या हिवाळ्यात आमच्या एका स्नेहसंमेलनात मी नर्मदेवर काही स्लाइड दाखवल्या. पहिलीवर धुवांधार धबधब्याचा मोठा फोटो आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘धुवांधार, भेडाघाट’. घरी लॅपटॉपवर सगळे नीट दिसत होते. सभागृहात मात्र ‘वां’वरचे टिंब पाण्याच्या तुषारांत मिसळून गेले, आणि मागच्या रांगेतल्या एका आजींनी शेजारणीला विचारले, “काय लिहिलंय गं तिथे?” नंतर ती स्लाइड पुन्हा बसून केली. तीच आता क्रमाने करून पाहू. मी पॉवरपॉइंट वापरतो, म्हणून मेनूंची नावे त्यातली आहेत.

आधी फोटो कुठून घ्यायचा ते पाहू. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो वाटेत दाबून लहान केलेला असतो. फोनमध्ये काढलेला आडवा फोटो साधारण 4000 ठिपके रुंद आणि 3000 ठिपके उंच असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून येईपर्यंत त्याचे बरेच ठिपके गळालेले असतात. पडद्यावर तो ताणला की धबधब्याचे तुषार चिखलासारखे दिसतात. म्हणून ज्याने फोटो काढला त्याच्याकडून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा. तसा पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी येते.

आता कापणी, म्हणजे क्रॉप. फोनचा फोटो 4:3 प्रमाणाचा असतो आणि आजची स्लाइड 16:9 प्रमाणाची, म्हणजे त्याच्यापेक्षा बुटकी आणि रुंद. 4000 रुंदी तशीच ठेवली तर उंची 2250 उरते. याचा अर्थ, फोटोच्या उंचीचा चौथा भाग जाणारच आहे. तो कुठून जाईल हे आपण ठरवले नाही, तर नको तिथून जातो. इथे बहुतेक जण फोटोच्या बाजूचा ठिपका धरून ओढतात आणि फोटो स्लाइडभर ताणतात. मग धबधबा बुटका होतो आणि कठड्याशी उभी असलेली माणसे फुगलेली दिसतात. ओढायचे असेल तर नेहमी कोपरा धरूनच ओढावे.

त्यापेक्षा फोटो निवडून Picture Format मध्ये जावे, Crop खालच्या बाणावर टिचकी मारावी आणि Aspect Ratio मधून 16:9 घ्यावे. चौकट तशीच राहते आणि आतला फोटो वरखाली सरकवता येतो. माझ्या फोटोत खाली लोखंडी कठडा आणि लोकांची डोकी होती, वर रोपवेची तार. मी खालचा भाग जास्त कापला आणि वरचा थोडासाच, कारण पाणी जिथून उडी घेते ती कड दिसली नाही तर तो धबधबा वाटतच नाही. आणखी आत कापायचे झाले, तर उरलेला तुकडा किमान 1920 ठिपके रुंद राहील इतके पाहावे. फुल एचडी प्रोजेक्टर एवढेच ठिपके दाखवतो.

कापलेला फोटो आता कडेपासून कडेपर्यंत पसरायचा. इथे एक बारीक चूक हमखास होते. एका बाजूला केसाएवढी पांढरी रेघ राहते. लॅपटॉपवर ती लक्षात येत नाही, पण अंधाऱ्या सभागृहात चमकते. म्हणून फोटो स्लाइडच्या कडेबाहेर किंचित जाऊ द्यावा. बाहेरचा भाग पडद्यावर येत नाही.

खरी अडचण यापुढे आहे. धुवांधारच्या फोटोत फेसाळ पाणी पांढरे आणि भिजलेला खडक जवळजवळ काळा असतो. पांढरे अक्षर पाण्यावर विरते, काळे अक्षर खडकावर. आपल्या लिपीत तर शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा आणि टिंबे, खाली उकार. हे बारीक भाग आधी बुडतात. म्हणून अक्षरांखालच्या फोटोवर अर्धपारदर्शक काळा थर टाकावा लागतो, उन्हाच्या चष्म्याच्या काचेसारखा.

थर किती गडद हवा, याचा हिशेब सोपा आहे. वाईटात वाईट जागा म्हणजे शुभ्र फेस. तिथे अक्षर वाचता आले, तर सगळीकडे येईल. वेबपानांसाठीच्या वाचनीयतेच्या नियमांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर लहान अक्षरांसाठी किमान 4.5 आणि मोठ्या अक्षरांसाठी 3 सांगितले आहे. शुभ्र पांढऱ्यावर 40 टक्के पारदर्शक काळा थर टाकला, तर वरच्या पांढऱ्या अक्षराला सुमारे 5.7 मिळतात. 60 टक्के पारदर्शक टाकला, तर सुमारे 2.85, म्हणजे मोठ्या अक्षरांनाही अपुरे. गडबड नेमकी इथेच होते. Transparency च्या रकान्यात आकडा वाढवला की थर फिका होतो. “साठ टक्के काळे” हवे म्हणून आपण तिथे 60 लिहिले, तर उलटेच घडते. लिहायचे असते 40.

सगळा फोटो असा झाकला, तर धबधब्याचे तेज जाते. म्हणून थर एका बाजूने गडद ठेवून दुसरीकडे विरत न्यावा. माझ्या फोटोत पाणी उजवीकडे होते, म्हणून अक्षरे डावीकडे. स्लाइडएवढा चौकोन काढा, त्याची कडा No Outline करा, आणि Format Shape मधून Gradient fill निवडा. Type मध्ये Linear आणि Angle 0 असू द्या.

आता सगळ्यांची होते ती चूक. डावीकडे 40 टक्के पारदर्शक आणि उजवीकडे 100 असे दोनच टप्पे ठेवले, की थर पहिल्या इंचापासूनच फिका होऊ लागतो. स्लाइडच्या मध्यावर तो 70 टक्के पारदर्शक झालेला असतो. शीर्षकाचे पहिले अक्षर ठळक, शेवटचे पुसट. माझे ‘भेडाघाट’ असेच विरले होते, थर असूनही. उपाय म्हणजे तीन टप्पे. तिन्हींचा रंग काळाच. Position 0 वर पारदर्शकता 40, Position 50 वर पुन्हा 40, आणि Position 80 वर 100. यामुळे डावी अर्धी स्लाइड एकसारखी गडद राहते, अक्षरे तिथेच बसवता येतात, आणि उजवीकडचे पाणी मोकळे राहते.

अक्षरे जाड वळणाची घ्यावीत आणि दोन ओळींत अंतर जरा जास्त ठेवावे, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला अडकत नाही. स्लाइडच्या अगदी तळाशी काही लिहू नये. पुढच्या रांगेतली डोकी आधी तेच झाकतात.

प्रत्येक फोटोला हा खटाटोप लागत नाही. बंदरकुदनीच्या नावेतून काढलेल्या फोटोत संगमरवरी कडे उजळ असतात आणि मधले पाणी पुष्कळदा गडद, शांत. तिथे फोटो अशा बेताने कापावा की पाण्याचा मोकळा पट्टा मिळेल. मग अक्षरे नुसती ठेवली तरी चालतात. मदनमहालजवळच्या बॅलन्सिंग रॉकचा उभा फोटो मात्र स्लाइडभर पसरू नये. उभ्या फोटोतून 16:9 कापायला गेलो तर निम्म्याहून जास्त फोटो जातो, आणि मग वरचा दगड राहतो किंवा खालचा. वरचा दगड खालच्यावर कसा टेकला आहे, हेच दिसेनासे होते. असा फोटो पूर्ण उंचीने एका बाजूला उभा करावा आणि उरलेल्या साध्या गडद जागेत लिहावे.

तपासणी दोनदा करावी. घरी स्लाइड चित्र म्हणून सेव्ह करावी आणि ते चित्र घेऊन Picture Format मधल्या Color मधून Grayscale निवडावे. रंग गेले की उजळ-काळ्याचा खरा फरक दिसतो. दुसरी तपासणी सभागृहात, दिवे कार्यक्रमाच्या वेळी असतील तसे ठेवून. प्रोजेक्टर काळा उजेड टाकू शकत नाही. ट्यूबलाइटच्या प्रकाशात पडदा जितका करडा, तितकाच आपला काळा. थर तिथे फिका वाटला, तर पहिल्या दोन टप्प्यांची पारदर्शकता 40 वरून 25 करावी, आणि पडद्यासमोरचा एक दिवा बंद करायला सांगावा. मग शेवटच्या रांगेत जाऊन बसावे आणि ‘वां’वरचे टिंब दिसते का ते पाहावे.