क्लोरीन-ब्रोमीनच्या शिखरांचा हिशेब

कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत १९१९ च्या अखेरीस ॲस्टन यांनी क्लोरीनच्या आयनांची वस्तुमाने वेगळी करून दाखवली, तेव्हा ३५.४६ या अपूर्णांकी अणुभाराचे कोडे सुटले. कारण निसर्गातील क्लोरीन हे ३५ आणि ३७ वस्तुमानांकांच्या दोन समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचे, सुमारे ३:१ प्रमाणातील मिश्रण असते. ब्रोमीनमध्ये ७९ आणि ८१ हे दोन समस्थानिक जवळजवळ समसमान आढळतात. म्हणून वस्तुमान-वर्णपटात एका क्लोरीनमुळे दोन एककांच्या अंतरावर ३:१ उंचीची, तर एका ब्रोमीनमुळे १:१ उंचीची शिखरजोडी उमटते.

दोन्ही मूलद्रव्ये एकाच रेणूत आली की ही गुणोत्तरे एकमेकांत गुणली जातात. क्लोरीनने निर्जंतुक केलेल्या पाण्यात ब्रोमाइड असल्यास तयार होणारे डायब्रोमोक्लोरोमिथेन, CHBr2Cl, हे याचे चांगले उदाहरण आहे. त्यातील दोन्ही ब्रोमीन हलके किंवा दोन्ही जड असण्याची प्रत्येकी एकच रीत, पण एक हलका व एक जड असण्याच्या दोन रीती असल्याने त्यांचे गुणोत्तर १:२:१ होते. त्याला क्लोरीनच्या ३:१ ने गुणून समान वस्तुमानाची पदे मिळवली, की २०६, २०८, २१० आणि २१२ येथील अखंड रेणूच्या आयनांसाठी ३:७:५:१ हे गुणोत्तर मिळते. दुसऱ्या शिखराची उंची १०० धरली आणि समस्थानिकांची नेमकी प्रमाणे वापरली, तर हे आकडे अंदाजे ४४, १००, ६९ आणि १३ येतात.

अर्थात अखंड रेणू फारसा टिकत नाही. कार्बन-ब्रोमीन बंध कार्बन-क्लोरीन बंधापेक्षा दुबळा असल्याने रेणू प्रथम ब्रोमीन गमावतो, आणि १२७, १२९, १३१ येथे ७७:१००:२४ हा ठळक गट दिसतो. इथे एक फसगत संभवते, कारण चार क्लोरीन असलेल्या आयनाची पहिली दोन शिखरेही जवळजवळ याच प्रमाणात असतात. फरक पडतो तो तिसऱ्यात, जे चार क्लोरीनसाठी ४८ च्या आसपास असते. १२७ च्या आयनात मात्र चार क्लोरीन मावतच नाहीत, कारण त्यांचेच वस्तुमान १४० भरते.

प्रत्यक्ष नोंद हिशेबाशी जुळत नसेल, तर दोष बहुधा रेणूचा नसून मोजणीचा असतो. संवेदक संपृक्त झाला, म्हणजे जादा संकेत मोजण्याची त्याची क्षमता संपली, की सर्वांत उंच शिखर छाटले जाते आणि शेजारची शिखरे प्रमाणाबाहेर मोठी भासतात. नमुना विरल करून पुन्हा मोजल्यावर गुणोत्तर सुधारले, तर निदान पक्के होते. वायुवर्णलेखनातून येणारा नमुना काही सेकंदांतच येऊन जात असल्याने, कमी वस्तुमानाकडून जास्तीकडे क्रमाने मोजणाऱ्या यंत्रात नमुन्याची चढती बाजू जड शिखरे फुगवते, उतरती बाजू ती खुजी करते. त्यामुळे अशा वेळी एका क्षणाची नोंद न वापरता नमुना यंत्रातून जाईपर्यंतच्या सर्व नोंदींची सरासरी घ्यावी आणि पार्श्वभूमी वजा करूनच गुणोत्तर काढावे.