एक घर कुठे गेलं?

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून एक चित्र फिरत येतं. चौकटींच्या कागदावर एक काटकोन त्रिकोण काढलेला असतो, १३ घरं लांब आणि ५ घरं उंच. तो चार रंगीत तुकडे जोडून केलेला असतो: एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण आणि पायरीसारखी कड असलेले दोन तुकडे. त्याच्याखाली तेच चार तुकडे जागा बदलून मांडलेले असतात. बाहेरचा आकार तोच, तीच १३ घरं आणि तीच ५ घरं. फक्त तळाशी एक घर मोकळं राहिलेलं. आणि प्रश्न असतो, हे घर आलं कुठून?

न्यूयॉर्कचे हौशी जादूगार पॉल करी यांनी १९५३ मध्ये हे कोडं रचलं. मार्टिन गार्डनर यांनी गणिती जादूवरच्या आपल्या १९५६ सालच्या पुस्तकात त्याची सविस्तर चर्चा केली आहे. कोड्याचं उत्तर बऱ्याच जणांना माहीत असतं: ‘तिरकी बाजू सरळ नाही, थोडी वाकलेली आहे.’ उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. किती वाकलेली? आणि तेवढ्याशा वाकण्यात एक अख्खं घर मावतं का? हे डोळ्यांनी ठरत नाही. त्यासाठी दहावीच्या पुस्तकातली निर्देशक भूमिती पुरते.

आधी चित्र वाचून घेऊ. त्रिकोणाचं डावं टोक हा आरंभबिंदू मानू आणि त्याला ‘अ’ म्हणू. त्याचे निर्देशक (०, ०). इथे एक खबरदारी घ्यायची. मोजायच्या त्या रेघा, आणि ‘अ’मधून जाणारी रेघ शून्य नंबरची. तिलाच एक म्हटलं की पुढचं प्रत्येक माप एकाने चुकतं. तळाचं उजवं टोक ‘ब’ म्हणजे (१३, ०) आणि वरचं टोक ‘क’ म्हणजे (१३, ५). पहिल्या चित्रात मोठा त्रिकोण डावीकडे आहे, ८ घरं लांब आणि ३ उंच. तो जिथे संपतो तिथे छोटा, ५ बाय २चा त्रिकोण सुरू होतो. हा सांधा ‘प’, (८, ३). दुसऱ्या चित्रात छोटा त्रिकोण आधी येतो, म्हणून तिथला सांधा ‘फ’, (५, २).

आता तुकड्यांची घरं मोजा. मोठ्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ ८ गुणिले ३ भागिले २, म्हणजे १२. छोट्याचं ५. पायरीवाले दोन तुकडे ७ आणि ८ घरांचे. एकूण ३२. आणि १३ बाय ५च्या खऱ्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ येतं साडेबत्तीस. म्हणजे पहिल्या चित्रातच, एकही घर मोकळं दिसत नसताना, अर्धं घर कमी आहे. दुसऱ्या चित्रात ३२ अधिक ते मोकळं घर मिळून ३३ होतात, म्हणजे अर्धं घर जास्त. सगळे त्या मोकळ्या घराकडे बघत बसतात, पण पहिलं चित्रही तेवढंच खोटं आहे. करींची खरी करामत मला तिथे दिसते.

हे अर्धं घर गेलं कुठे, हे शोधायला साहजिकच पहिल्यांदा अंतराचं सूत्र आठवतं. दोन बिंदूंमधलं अंतर काढायचं तर एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत आडवं किती आणि उभं किती जायचं ते बघायचं, दोन्हींचे वर्ग करून बेरीज करायची आणि तिचं वर्गमूळ घ्यायचं. हा पायथागोरसचाच नियम. ‘अ’पासून ‘प’ आडवा ८, उभा ३, अंतर √७३. ‘प’पासून ‘क’ आडवा ५, उभा २, अंतर √२९. आणि ‘अ’पासून सरळ ‘क’पर्यंतचं अंतर √१९४. तिन्ही बिंदू एका रेषेत असतील तर पहिल्या दोन अंतरांची बेरीज तिसऱ्याइतकी भरायला हवी.

कॅल्क्युलेटरवर दोन दशांश स्थळांपर्यंत ही अंतरं ८.५४, ५.३९ आणि १३.९३ अशी येतात. ८.५४ अधिक ५.३९ म्हणजे १३.९३. बेरीज चोख जुळली! शाळेतल्या सवयीने इथे थांबलो तर ‘बिंदू एकरेषीय आहेत’ असं लिहून मोकळे होऊ आणि कोड्यात पुरते फसू. चार दशांश स्थळं घेतली तर बेरीज १३.९२९२ येते आणि सरळ अंतर १३.९२८४. फरक एका घराच्या हजाराव्या भागाहूनही कमी. घर एक सेंटिमीटरचं असलं तर हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढाही नाही. किंचित वाकलेली वाट सरळ वाटेपेक्षा जवळजवळ मुळीच लांब नसते, त्यामुळे वाकडेपणा पकडण्यासाठी लांबी हे फार कच्चं साधन आहे. वर्गमुळं शेवटपर्यंत तशीच ठेवावीत, दशांश करण्याची घाई करू नये, असं शिक्षक सांगतात ते यासाठीच.

क्षेत्रफळ मात्र सोडत नाही. तीन बिंदू एका रेषेत असतील तर त्यांच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ शून्य असतं. जरा जरी बाजूला असतील तर शून्य नसतं. एक शिरोबिंदू (०, ०)वर असला की क्षेत्रफळ काढणं अगदी सोपं. उरलेल्या दोन बिंदूंचे निर्देशक तिरके गुणायचे, वजाबाकी करायची, निम्मं करायचं. ‘प’ (८, ३) आणि ‘क’ (१३, ५): ८ गुणिले ५ म्हणजे ४०, १३ गुणिले ३ म्हणजे ३९. फरक १, निम्मं केलं की अर्धं घर. हरवलेलं अर्धं घर ते हेच! ‘अ’, ‘प’, ‘क’ हा एक अत्यंत चपटा त्रिकोण आहे, आणि पहिल्या चित्रात तुकड्यांची कड आणि खरा कर्ण यांच्यामध्ये तो मोकळा राहिला आहे.

या हिशेबात वर्गमूळ नाही आणि दशांशही नाहीत, सगळे पूर्णांक आहेत. बिंदू ग्रिडच्या छेदांवर असतील तर त्रिकोणाचं क्षेत्रफळ पूर्ण घरांत किंवा अर्ध्या घरांत येतं, अधलंमधलं काही येऊच शकत नाही. उत्तर एकतर शून्य, नाहीतर किमान अर्धं. त्यामुळे ‘साधारण शून्य’ म्हणून सुटून जायला वाव राहत नाही.

कोणी आरंभबिंदू दुसरीकडे घेतला तर? समजा ‘अ’ (−३, २)वर आहे. मग ‘प’ (५, ५) होईल आणि ‘क’ (१०, ७). अशा वेळी ‘अ’चे निर्देशक बाकीच्या दोन्ही बिंदूंतून वजा करायचे, की पुन्हा (८, ३) आणि (१३, ५) हातात येतात. पण ५ मधून −३ वजा केले तर ८ उरतात. घाईत २ लिहिले जातात आणि उरलेला हिशेब वाया जातो. पडताळा चित्रातच असतो: −३पासून ५पर्यंत बोटाने रेघा मोजून बघा. आणि बिंदू उलट क्रमाने घेतले तर वजाबाकी −१ येते. क्षेत्रफळ ऋण नसतं, तेव्हा ते चिन्ह सोडून द्यायचं.

राहिला मध्यबिंदू. दोन बिंदूंच्या निर्देशकांची बेरीज करून निम्मं केलं की तो मिळतो. (निम्मं बेरजेचं करायचं, अंतराच्या सूत्रातली वजाबाकी बोटांवर बसलेली असते, म्हणून पुष्कळ मुलं इथेही वजाबाकीच करतात.) ‘अक’चा मध्यबिंदू (६.५, २.५). आता दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवली असं समजा आणि दोन सांध्यांचा, म्हणजे ‘प’ (८, ३) आणि ‘फ’ (५, २) यांचा मध्यबिंदू काढा. ८ अधिक ५ म्हणजे १३, निम्मे ६.५. ३ अधिक २ म्हणजे ५, निम्मे २.५. बिंदू तोच!

ज्या चौकोनाचे कर्ण एकमेकांना मधोमध छेदतात तो समांतरभुज चौकोन. म्हणजे अ, प, क, फ हा समांतरभुज चौकोन ठरला. कर्ण ‘अक’ त्याचे दोन सारखे त्रिकोण करतो, प्रत्येकी अर्ध्या घराचा. एकूण एक घर, तळाशी मोकळं दिसणाऱ्या त्या घराएवढंच. पहिल्या चित्रात तुकड्यांची कड खऱ्या रेषेच्या किंचित खालून जाते, दुसऱ्यात किंचित वरून. या दोन कडांमधली चिंचोळी पट्टी म्हणजेच ते हरवलेलं घर. तिच्या दोन टोकांतलं अंतर जवळजवळ १४ घरं आहे, म्हणून ती इतकी बारीक झाली. सांध्यापासून ‘अक’ रेषेपर्यंतचं लंब अंतर घराच्या ०.०७ पट भरतं. एक सेंटिमीटरच्या घरात पाऊण मिलिमीटरहून थोडं कमी. मोबाइलवर आकाराभोवती काढलेली काळी कड एवढा फरक सहज झाकते.

चित्र फिरत फिरत ताणलं गेलं असेल, घरं चौरसाऐवजी आयताकृती झाली असतील, तर काय? अशा चित्रावर फूटपट्टी ठेवून अंतर मोजायला जाऊ नका. आडव्या घराचं माप एक आणि उभ्याचं दुसरं झालं की तिरकी लांबी बिघडते. पण मध्यबिंदू मध्यबिंदूच राहतो, एका रेषेतले बिंदू एका रेषेतच राहतात, आणि घरांत मोजलेलं क्षेत्रफळही बदलत नाही. आडव्या आणि उभ्या अक्षांवरची प्रमाणं वेगळी असलेल्या कोणत्याही आलेखाला हे लागू आहे. अंतर काढायच्या आधी दोन्ही अक्षांवरचे आकडे वाचावेत ते त्यामुळे.

१३, ८, ५, ३, २ हे आकडे काही योगायोगाने आलेले नाहीत. या मालिकेत प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते. अशा संख्या घेतल्या की तिरक्या गुणाकारांतला फरक एकच उरतो, म्हणजे गायब होतं ते नेमकं एक घर. आकडे मोठे घेतले तर तेच घर अधिक लांब पट्टीवर पसरतं आणि फसवणूक आणखी बेमालूम होते. २१ बाय ८च्या त्रिकोणात सांधा रेषेपासून अर्धा मिलिमीटरसुद्धा सरकलेला नसतो.

घरात शाळकरी मूल असेल तर उलट दिशेने जा. एक सेंटिमीटरच्या चौकटींवर ८ बाय ३चा त्रिकोण काढा आणि सांधा (५, २)वर घ्या. तिथे फट सव्वा मिलिमीटरच्या आसपास पडते आणि टोकदार पेन्सिलीने ती दिसते. ती दिसल्यावर मुलाला १३ बाय ५चं चित्र द्या आणि तिरका गुणाकार त्यालाच करू द्या.