जुलाब होतायत, तरी पोट साफ नाही

दिवसातून पाच-सहा वेळा पातळ होतंय, डायपर सारखं खराब होतंय, म्हणजे बद्धकोष्ठतेचा प्रश्नच नाही, असं कुणालाही वाटेल. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांच्या बाबतीत इथेच मोठी चूक होते. हे पातळ पुष्कळदा खऱ्या बद्धकोष्ठतेचंच लक्षण असतं. घरचे मात्र जुलाब थांबवायची गोळी देतात आणि आजार आणखी घट्ट बसतो.

हे कसं होतं ते आधी पाहू. मोठं आतडं मलातलं पाणी शोषून घेतं. मल जितके दिवस आत थांबेल तितका तो कोरडा होतो, आणि शेवटी गुदाशयात त्याचा कडक गोळा अडकून बसतो. तिथली जागा सतत ताणलेली राहिली की ‘जायला हवं’ ही जाणीवही बोथट होते. मग वरचा पातळ मल या गोळ्याच्या कडेने झिरपत राहतो. तो थोडा थोडा येतो, बहुतेक वेळा माणसाच्या नकळत येतो, आणि त्याआधी बरेच दिवस बांधीव शौच झालेलं नसतं. खऱ्या जुलाबापासून तो वेगळा ओळखायचा तो याच खुणांवरून.

ज्याला बोलता येतं तो ‘पोट फुगलंय, कळ येतेय’ असं सांगतो. डिमेन्शिया पुढे गेलेल्या माणसाला कळ जाणवते, पण ती पोटात आहे हे उमजत नाही किंवा त्यासाठी शब्द सापडत नाही. मग ती कळ वागण्यातून बाहेर पडते.

नमुन्यादाखल एक घर घेऊ. 78 वर्षांच्या आजी, देखभालीला सूनबाई आणि दिवसा ब्युरोकडून येणाऱ्या मावशी. गुडघेदुखी वाढली म्हणून ट्रॅमाडॉल असलेली वेदनाशामक गोळी सुरू झाली. रक्त कमी म्हणून लोहाची गोळी आधीपासून होतीच. तीन दिवस शौचाला झालं नाही, पण ‘सकाळी मावशींनी नेलं असेल’ असं सूनबाईंना वाटलं आणि ‘रात्री घरच्यांनी नेलं असेल’ असं मावशींना. पाचव्या दिवशी आजींनी जेवणाचं ताट ढकललं. डायपर बदलताना मावशींना चापट मारली. संध्याकाळी खुर्चीवर बसायच्या, लगेच उठायच्या, पुन्हा बसायच्या. ‘आजार वाढला’ असं ठरवून डॉक्टरांना फोन गेला आणि शांत राहण्याची गोळी वाढवून मिळाली. या गटातल्या अनेक गोळ्या आतड्याची हालचाल मंदावतात. आठव्या दिवशी पातळ सुरू झालं. तेव्हा कुठे डॉक्टरांनी पोट चाचपलं, बोटाने तपासणी केली आणि अडकलेला गोळा सापडला.

या सगळ्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. नेमकं शेवटचं शौच कधी झालं हे फक्त कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या मते अशा घरात रक्तदाबाच्या नोंदीइतकीच शौचाची नोंद ठेवायला हवी. एक साधी वही संडासाच्या दाराशी टांगा आणि जो माणूस पाहील त्यानेच तिथल्या तिथे लिहा. तारीख, वेळ, किती आणि कसं, एवढं पुरे. ‘कसं’साठी डॉक्टर वापरतात तो ब्रिस्टल तक्ता उपयोगी पडतो. त्यात शौचाचे सात प्रकार आहेत. पहिला म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे, सातवा म्हणजे निव्वळ पाणी. तिसरा-चौथा प्रकार चांगला. वहीत आठवडाभर काहीच नाही आणि मग एकदम सहा-सात दिसलं, तर संशय घ्यायलाच हवा.

वागण्यात काय पाहायचं? नेहमीपेक्षा वेगळं काय झालं, ते. जेवण अचानक नाकारणं, पोटाला किंवा कपड्यांना सारखं हात लावणं, एका कुशीवर किंवा एका बाजूला झुकून बसणं, हलवताना कण्हणं, भुवया आखडणं, अस्वस्थ येरझारा. काही जण स्वतःच बोटाने मल काढायचा प्रयत्न करतात आणि हात, चादर, भिंत बरबटते. घरच्यांना ते घाणेरडं वागणं वाटतं आणि रागही येतो, पण पुष्कळदा तो अडकलेलं सोडवण्याचा केविलवाणा प्रयत्न असतो. लघवी कमी होणं किंवा अडणं हीसुद्धा खूण आहे, कारण भरलेला गुदाशय मूत्राशयावर दाब टाकतो. आणि एक-दोन दिवसांत भ्रम एकदम वाढला, तर तो डिमेन्शियाचा पुढचा टप्पा मानू नका. डिमेन्शिया सहसा इतक्या झपाट्याने वाढत नाही. मागे बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग असं काहीतरी शोधायला हवं.

रोजच्या उपायात वेळ आणि बैठक या दोन गोष्टींचा फायदा मोठा. जेवण पोटात गेलं की मोठ्या आतड्याला चालना मिळते आणि सकाळी ती जास्त असते. म्हणून चहा-नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी संडासात नेऊन बसवा, गरज वाटतेय का हे न विचारता. दहा मिनिटं पुरेत, कुंथायला लावू नका. जन्मभर उकिडवं बसून जाणाऱ्या माणसाचे पाय कमोडवर लोंबकळतात आणि जोर लागत नाही. पायाखाली बुटका पाट किंवा स्टूल ठेवा, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर येऊ द्या आणि तोल जाऊ नये म्हणून शेजारी थांबा.

पाण्याचं मात्र विचारत बसू नका. ‘पाणी हवं का?’ याला उत्तर बहुधा ‘नको’ असतं. छोटा पेला हातात द्या, दर तासा-दीड तासाने. ताक, पेज, सार हेही चालतं. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पुरेसं पाणी पोटात जात नसताना इसबगोल देणं धोक्याचं असतं. ते फुगून घट्ट होतं आणि अडकलेल्या गोळ्यावर आणखी भर पडते. गिळताना ठसका लागणाऱ्या माणसाला लिक्विड पॅराफिन असलेलं औषध देऊ नका. ते श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला इजा होते. दुकानातून आणलेला फॉस्फेटचा एनिमा वयस्कर माणसाच्या रक्तातल्या क्षारांचं गणित बिघडवू शकतो, किडनी कमजोर असेल तर विशेषच. कडक गोळा घरी बोटाने काढायचा प्रयत्नही नको. ते काम प्रशिक्षित परिचारिकेचं किंवा डॉक्टरांचं. लॅक्ट्युलोजसारखं पातळ औषध दिलं असेल तर त्याचा गुण यायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी मात्रा दुप्पट करू नका.

पोट टणक होऊन फुगलं, उलट्या होऊ लागल्या, वारा सरणंही थांबलं, शौचातून रक्त गेलं किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि कुठल्याही भेटीला जाताना वहीबरोबर सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या. वेदनाशामक, लोह, लघवी सुटण्यावरची, झोपेची, शांत करणारी, जी काही असतील ती सगळी टेबलावर मांडा, आणि नवी गोळी मागण्याआधी यातली कोणती कमी करता येईल ते डॉक्टरांना विचारा.